अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा हयातीचा दाखला : कोषागाराला पत्र लिहिताना

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी वडिलांच्या वतीने कोषागाराला पहिलं पत्र लिहिलं. ते अडीच पानांचं होतं. पक्षाघात कधी आला, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, घरात कोणाकोणाची किती ओढाताण होते, सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती : ‘तरी हयातीच्या दाखल्यासाठी मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.’ पत्र आवक झालं, शिक्का बसला आणि पुढे काहीही घडलं नाही. डिसेंबरचं निवृत्तिवेतन जानेवारीत जमा झालं नाही, तेव्हा मी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या तरुण कर्मचाऱ्याने फाइल काढून पत्र वाचलं आणि म्हणाला, “काका, मुदत आम्ही वाढवत नसतो हो. घरी येऊन बघा असं लिहिलं असतंत, तर काहीतरी करता आलं असतं.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मुदत वरून ठरलेली असते, ती हलवणं त्या टेबलाच्या हातात नसतं. पडताळणी कुठे करायची, कोणी करायची आणि त्या महिन्यातल्या कोणत्या दिवशी करायची, हे मात्र खालच्या पातळीवर ठरू शकतं. म्हणून पत्रात मुदत पुढे ढकलायला सांगण्यापेक्षा मुदतीच्या आतली एक तारीख आणि घरचा पत्ता द्यावा. दुसऱ्या वर्षी मी तसंच केलं. ते पत्र पुढे दिलं आहे. पण आधी ते कोणाला पाठवायचं, ते पाहू.

पत्र कोणाच्या नावाने

महाराष्ट्र शासनातून निवृत्त झालेल्यांचं निवृत्तिवेतन जिल्हा कोषागारातून निघतं आणि बँकेच्या खात्यात पडतं. नोव्हेंबरच्या सुमारास कोषागार शाखानिहाय याद्या बँकांना पाठवतं. निवृत्त माणूस १ ते ३० नोव्हेंबर या काळात आपल्या शाखेत जातो, यादीत आपलं नाव शोधतो आणि त्यापुढे सही करतो. सही झालेली यादी कोषागारात परत जाते. ज्याच्या नावापुढची जागा कोरी राहते, त्याचं वेतन पुढच्या महिन्यापासून थांबतं. म्हणजे सही बँकेत होत असली तरी वेतन थांबवणं किंवा सुरू ठेवणं कोषागाराच्या हातात असतं. त्यामुळे पत्र जिल्हा कोषागार अधिकाऱ्यांच्या नावाने लिहायचं आणि त्याची प्रत बँकेच्या शाखा व्यवस्थापकांना द्यायची. अनेक जण नुसतं बँकेला पत्र देऊन निर्धास्त होतात. व्यवस्थापक सहानुभूतीने मान डोलावतात, पण यादीवरची जागा कोरीच राहते.

केंद्र सरकारच्या निवृत्तांचं वेतन बहुतेक वेळा बँकच देते, म्हणून तिथे मुख्य पत्र शाखेला द्यायचं. त्यांच्यासाठी एक सोय आहे : वय ८० किंवा त्याहून जास्त असेल, तर दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल, म्हणजे ईपीएस-९५, तर नोव्हेंबरचा संबंधच नाही. तो दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. अशा घरात वडील अंथरुणाला खिळले, तर आधी गेल्या वर्षीच्या दाखल्याची तारीख शोधा. कदाचित तुमच्या हातात अजून सात-आठ महिने असतील. पुढचं सगळं मी कोषागाराचं उदाहरण धरून लिहितो, कारण मला त्याचाच अनुभव आहे.

पत्राआधीचे दोन कागद

पहिला कागद म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. ते पत्राच्या तारखेपासून फार जुनं नसावं. मी पहिल्या वर्षी रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद जोडला होता. तो सहा महिन्यांपूर्वीचा होता. त्यातून माणूस तेव्हा आजारी होता एवढंच कळतं, आज तो बँकेत येऊ शकत नाही हे कळत नाही. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांकडून चार गोष्टी असलेलं चार ओळींचं प्रमाणपत्र घेतलं. आजाराचं नाव. रुग्ण अंथरुणातून उठू शकत नाही आणि त्याला घराबाहेर नेणं योग्य नाही, असं स्पष्ट वाक्य. रुग्ण शुद्धीवर आहे आणि विचारलेलं त्याला समजतं, हे वाक्य. आणि खाली सही, तारीख, शिक्का, नोंदणी क्रमांक.

यातलं तिसरं वाक्य बहुतेक जण लिहून घेत नाहीत आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. माणूस शुद्धीवर आहे म्हणून त्याच्या अंगठ्याला अर्थ आहे. तो शुद्धीवर नसेल किंवा त्याला काहीच उमगत नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. तिथे अंगठा घेऊन भागत नाही. निवृत्तिवेतन कोणामार्फत द्यायचं, हे कार्यालयाला ठरवावं लागतं आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दोन्ही गोष्टी एका पत्रात मिसळू नका.

प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून मिळालं तर उत्तम. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सहसा राजपत्रित असतात. हयातीच्या दाखल्याच्या छापील नमुन्यावर राजपत्रित अधिकाऱ्याने समोर पाहून सही केली, तर निवृत्त माणसाला स्वतः यावं लागत नाही, अशी सोय बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून पत्र द्यायला जाल, तेव्हा कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत एवढंच विचारा : राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही तुमच्याकडे चालेल का, आणि चालत असेल तर नमुना द्याल का? ‘हो’ म्हणाले, तर अर्धं काम तिथेच झालं. मात्र ती सही डॉक्टरांनी घरी येऊन, वडिलांना प्रत्यक्ष पाहून केलेली हवी. दवाखान्यात बसल्या बसल्या ओळखीने मिळवलेली सही उद्या कोणी चौकशी केली, तर डॉक्टरांच्या आणि तुमच्या दोघांच्याही अंगाशी येते.

दुसरा कागद म्हणजे पीपीओ, निवृत्तिवेतन प्रदान आदेश. त्याचा क्रमांक पत्रात नसेल, तर तुमचं पत्र कोणत्या फाइलला जोडायचं हेच कर्मचाऱ्याला कळत नाही. राज्य शासनाच्या निवृत्तांचा पीपीओ महालेखापालांच्या कार्यालयातून निघतो. विदर्भ-मराठवाड्यासाठी ते नागपूरला आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी मुंबईला. आमचा पीपीओ एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात, मालमत्ता कराच्या पावत्यांखाली सापडला. घड्यांवर चिरलेला होता. त्याची आधी झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. क्रमांक लिहिताना पासबुकातल्या नोंदीवर विसंबू नका, पीपीओवरून अंक एकेक करून उतरवा.

पत्र

आमच्या पत्राचा मजकूर नावं आणि पत्ते गाळून खाली देतो. ते एका पानात बसलं.

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. जिल्हा कोषागार अधिकारी,
जिल्हा कोषागार कार्यालय, (जिल्हा)

विषय : अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तिवेतनधारकाची नोव्हेंबर २०२५ ची हयात पडताळणी निवासस्थानी करण्याबाबत.

संदर्भ : पीपीओ क्रमांक (…), बँक व शाखा (…), खाते क्रमांक (…)

महोदय,

माझे वडील श्री. (पूर्ण नाव), वय ८१ वर्षे, हे जलसंपदा विभागातून कालवा निरीक्षक या पदावरून सन २००२ मध्ये सेवानिवृत्त झाले. त्यांचे निवृत्तिवेतन आपल्या कोषागारामार्फत वरील खात्यात जमा होते.

मार्च २०२४ मध्ये पक्षाघात झाल्यापासून त्यांची उजवी बाजू निकामी असून ते अंथरुणातून उठू शकत नाहीत. ते शुद्धीवर आहेत व विचारलेले त्यांना समजते. दिनांक ३ ऑक्टोबर २०२५ चे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

वरील कारणाने नोव्हेंबर महिन्यात बँकेत उपस्थित राहून हयात यादीवर स्वाक्षरी करणे त्यांना शक्य नाही. तरी आपल्या कार्यालयाच्या अथवा बँक शाखेच्या अधिकाऱ्यांमार्फत त्यांची पडताळणी खालील पत्त्यावर करण्यात यावी. आपल्या सोयीने १० ते १४ नोव्हेंबर २०२५ या काळातील कोणताही दिवस, सकाळी ११ ते दुपारी १ ही वेळ आम्हास सोयीची आहे. त्या आठवड्यात शक्य नसल्यास १७ ते २१ नोव्हेंबर या काळातील दिवस कळवावा.

उजव्या हाताने स्वाक्षरी करता येत नसल्याने डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन तो ग्राह्य धरावा, ही विनंती.

काही कारणाने ३० नोव्हेंबरपूर्वी पडताळणी होऊ शकली नाही, तर हा अर्ज मुदतीपूर्वी प्राप्त झाल्याची नोंद घेऊन पडताळणी होईपर्यंत निवृत्तिवेतन थांबवू नये, ही विनंती.

पडताळणीचा पत्ता : (घर क्रमांक, खूण, गाव, पिनकोड)
संपर्क : (मुलाचे नाव व मोबाइल)

आपला विश्वासू,
(मुलाची स्वाक्षरी व नाव, निवृत्तिवेतनधारकाचा मुलगा)

वरील अर्ज मला वाचून दाखवला असून तो मला मान्य आहे.
निशाणी डावा अंगठा : (वडिलांचे नाव)
साक्षीदार १ : (स्वाक्षरी, नाव, पत्ता)
साक्षीदार २ : (स्वाक्षरी, नाव, पत्ता)

सहपत्रे : वैद्यकीय प्रमाणपत्र (मूळ), पीपीओची प्रत, वडिलांच्या आधारची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, माझ्या आधारची प्रत.
प्रत : मा. शाखा व्यवस्थापक, (बँक, शाखा), माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी.

कोणती ओळ कशासाठी

खालचा अंगठा पाहून कोणी विचारेल, पत्र मुलाचं आहे तर बापाचा अंगठा कशाला? कारण निवृत्तिवेतन बापाचं आहे. नुसत्या मुलाच्या सहीचं पत्र कार्यालयाच्या लेखी तिऱ्हाइताचं ठरू शकतं. मुलांनी आईवडिलांच्या नावावर परस्पर पैसे काढत राहण्याचे प्रकार होत असतात, तेव्हा हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. वडिलांचा अंगठा आणि घराबाहेरचे दोन साक्षीदार असले की पत्र त्यांचं होतं आणि मुलगा फक्त लिहिणारा उरतो. आमचे साक्षीदार शेजारचे निवृत्त मास्तर आणि औषधांच्या दुकानाचे मालक होते. नात्यातला साक्षीदार टाळावा.

पुरुषाचा डावा आणि स्त्रीचा उजवा अंगठा घेण्याची पद्धत आपल्या सगळ्या कार्यालयांत आहे. वडिलांची उजवी बाजू गेल्यामुळे आमची अडचण झाली नाही. पण डावी बाजू गेली असेल, किंवा आईची उजवी, तर दुसऱ्या हाताचा अंगठा का घेतला ते वैद्यकीय प्रमाणपत्रात आणि पत्रात एका वाक्याने नोंदवा. अंगठाच उमटत नसेल, तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही बँका घेऊ शकतात. आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्येच ती तरतूद आहे. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. आम्ही पत्रात हे लिहिलं नव्हतं, कारण गरज नव्हती.

तारखांची ओळ सर्वांत विचार करून लिहावी. आम्ही दुसरा आणि तिसरा आठवडा का दिला? पहिल्या आठवड्यात बँकेत रांगा असतात आणि २०२५ मध्ये त्यात गुरुनानक जयंतीची सुट्टीही आली. शेवटचा आठवडा तर धोक्याचाच. ३० नोव्हेंबर २०२५ ला रविवार होता. राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा असल्यामुळे २९ तारखेचा शनिवारही कोषागाराला बंद. म्हणजे कागदावरची ३० तारीख प्रत्यक्षात शुक्रवार २८ होती. तुमच्या वर्षाचं कॅलेंडर काढून हा हिशेब पत्राआधी करा. एकच तारीख दिली तर अधिकाऱ्यांना जमत नाही आणि पत्र मागे पडतं. ‘कधीही या’ म्हटलं तर कोणालाच घाई नसते. पाच दिवसांची एक पट्टी आणि तिला एक पर्याय, एवढं पुरतं.

शेवटची विनंती, वेतन थांबवू नये ही, मान्य होईलच असं नाही. कोषागार ‘नियमात नाही’ म्हणू शकतं. तरी ती लिहायची. पुढे वेतन थांबलंच, तर आपण मुदतीच्या आत कळवलं होतं हे कागदावर असतं आणि दाखला मिळाल्यावर थकबाकीसह वेतन सुरू करून घेताना बोलणं सोपं जातं. थांबलेलं निवृत्तिवेतन बुडत नाही. आम्हाला २०२४ च्या गोंधळानंतर मार्चमध्ये अडकलेले सगळे महिने एकदम मिळाले. मधल्या काळात औषधं आणि घरी सेवेला येणाऱ्या बाईंचा पगार माझ्या खिशातून गेला, तो भाग वेगळा.

बँकेच्या प्रतीसोबत मी एक वेगळी चिठ्ठी जोडली होती. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात ७० वर्षांवरच्या आणि दुर्बल किंवा अपंग खातेदारांना काही सेवा घरी देण्यास बँकांना सांगितलं आहे आणि त्यात हयातीचा दाखला घेणं स्पष्टपणे आहे. चिठ्ठीत एवढाच उल्लेख केला, सुनावल्याच्या थाटात नाही. व्यवस्थापकांना परिपत्रक आठवलं, की ते स्वतःच कोणाला तरी पाठवतात. बँकेने घरपोच सेवेचं शुल्क मागितलं, तर किती आहे ते आधी विचारून घ्या.

पत्र दिल्यावर

पत्र दोन प्रतींत घेऊन जा. बारनिशीत, म्हणजे आवक टपाल घेणाऱ्या टेबलावर, एक प्रत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्क्यातली तारीख पुसट उमटली तर पुन्हा मारायला सांगा. लाजू नका, पुढे सगळं त्या तारखेवरच चालतं. टपालाने पाठवायचं असेल, तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, त्यामुळे ‘रजिस्टर एडी करा’ हा जुन्या पिढीचा सल्ला तसाच्या तसा चालणार नाही.

आठवडाभराने फोन करा. फोनवर वडिलांच्या आजाराबद्दल न बोलता थेट आवक क्रमांक सांगा आणि विचारा, ‘हे पत्र आता कोणत्या टेबलावर आहे?’ आमचं पत्र चौदा दिवस बारनिशीतच पडून होतं. दुसऱ्या फोननंतर ते निवृत्तिवेतन शाखेत गेलं. तिथून बँकेला कळवण्यात आलं आणि शाखेतून फोन आला : बुधवारी १२ नोव्हेंबरला दुपारी बाराला येतो.

घरची भेट

त्या दिवशी बँकेच्या अधिकारी बाई आणि त्यांच्याबरोबर एक शिपाई आले. येताना यादीचं पान, दाखल्याचा नमुना आणि शाईचा पॅड आणला होता. मी आधी वडिलांची पाठ उशांनी उचलून ठेवली होती आणि खिडकीचा पडदा सरकवला होता. अधिकाऱ्यांनी मला शांतपणे सांगितलं, “तुम्ही जरा मागे थांबा, त्यांनाच बोलू द्या.” मग वडिलांना नाव विचारलं. पक्षाघातामुळे त्यांचं बोलणं अडखळतं, नाव सांगायला वेळ लागला. “काका, कुठल्या खात्यात होता?” तेव्हा ते जवळजवळ स्पष्ट म्हणाले, “पाटबंधारे.” खात्याचं नाव बदलून जलसंपदा झालं, तरी ते त्यांच्यासाठी पाटबंधारेच आहे. अधिकारी बाई हसल्या. पीपीओवरचा फोटो आणि आधारवरचा फोटो त्यांनी चेहऱ्याशी ताडून पाहिले.

इथे मुलांची मोठी चूक होते ती मध्ये बोलण्याची. वडील अडखळले की आपण उत्तर पुरवतो. समोरच्या अधिकाऱ्याला नेमकी याचीच खात्री करायची असते की माणूस स्वतः प्रतिसाद देतो आहे. गप्प उभं राहा. बोलताच येत नसेल, तर प्रश्न हो-नाहीचे विचारावेत आणि मानेने किंवा डोळ्यांनी उत्तर घ्यावं, हे भेटीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

अंगठ्याचंही एक तंत्र आहे. वर्षभर अंथरुणावर असलेल्या माणसाची त्वचा कोरडी, गुळगुळीत होते. तेलाने मालिश केलेली असेल तर ठसा पसरतो. आम्ही सकाळी साबणाने हात धुऊन पुसून ठेवला होता. शाई लावताना अंगठा पॅडवर दाबू नये, नुसता टेकवावा. कागद मात्र कडक पुठ्ठ्यावर ठेवावा. गादीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या कागदावर नुसता काळा डाग उमटतो. आमचा पहिला ठसा तसाच आला. अधिकाऱ्यांनी त्यावर काट न मारता शेजारी दुसरा घेतला. त्यात रेषा स्वच्छ दिसत होत्या. मग अधिकाऱ्यांची सही आणि शेजारच्या मास्तरांची साक्ष झाली. निघण्यापूर्वी मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मागितली. ती मिळाली. मिळाली नसती, तर भेटीची तारीख आणि अधिकाऱ्यांचा हुद्दा आमच्या प्रतीवर लिहून घेतला असता.

मोबाइलवरचा पर्याय

पत्राचं उत्तर येईना, तर दुसरी वाट मोकळी असावी म्हणून डिजिटल दाखल्याचीही तयारी ठेवा. ‘जीवन प्रमाण’ २०१४ पासून आहे. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्यापासून अंगठ्याच्या यंत्राची गरज उरलेली नाही. अँड्रॉइड फोनवर AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप लागतात. आधी मुलगा स्वतःच्या आधारने आणि चेहऱ्याने ‘ऑपरेटर’ म्हणून नोंद करतो. मग वडिलांचा आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक भरतो आणि फोनचा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरतो.

झोपलेल्या माणसाच्या बाबतीत अडचण डोळ्यांची येते. ॲपला पापण्यांची उघडझाप दिसावी लागते. पक्षाघातात एक डोळा अर्धवट मिटलेला असेल, तर पुन्हा पुन्हा नकार येतो. पलंगाच्या पायथ्याकडून उजेड पडेल असं पाहा, डोकं थोडं उंच करा, फोन चेहऱ्याच्या अगदी समोर धरा आणि नाकातली नळी डॉक्टरांनी मिनिटभर काढायला हरकत नाही म्हटलं तरच काढा. तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही, तर वडिलांना थकवू नका. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन हाच दाखला काढून देतो. शुल्क ७० रुपये असतं.

डिजिटल दाखल्यात सर्वांत जास्त फसगत शेवटी होते. मोबाइलवर ‘प्रमाण आयडी’ आला की लोक समजतात काम झालं. आयडी म्हणजे दाखला तयार झाला. तो कार्यालयाने स्वीकारला असं नाही. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि ती देणारं कार्यालय यांची नावं यादीतून निवडताना कोषागाराऐवजी बँक निवडली, किंवा पीपीओचा एक अंक चुकला, तर दाखला भलतीकडे जातो आणि नाकारला जातो. म्हणून चार-पाच दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर त्या आयडीची स्थिती पाहा आणि मग कोषागारात फोन करून ‘आमची नोंद झाली का’ हे विचारा.

भेटीआधीच वडील गेले तर

हे कोणी लिहीत नाही, पण पत्र दिलेल्या आणि अधिकाऱ्यांची वाट पाहणाऱ्या घरात हे घडतं. मृत्यूच्या दिवसापर्यंतचं निवृत्तिवेतन देय असतं, त्यानंतरचं नाही. त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून मृत्यूची तारीख लगेच कळवा आणि मृत्यूचा दाखला मिळाला की जोडा. मधल्या काळात खात्यात जमा झालेले पैसे एटीएमने काढू नका. जादा जमा झालेली रक्कम परत घेतली जाते आणि ती आधीच खर्च झालेली असेल, तर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम सुरू होतानाच अडचण उभी राहते. वडिलांच्या पीपीओत आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, हे आत्ताच पाहून ठेवलेलं बरं. आमच्याकडे जन्मतारीख चुकलेली निघाली, तिच्या दुरुस्तीचा अर्ज आम्ही वेगळा दिला आहे.

जानेवारीची नोंद

१२ नोव्हेंबरच्या पडताळणीनंतर मी एकदाच फोन केला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात : यादी बँकेतून परत आली का, आणि वडिलांच्या नावापुढे नोंद झाली का? आली होती, झाली होती. जानेवारीत डिसेंबरचं वेतन जमा झालं. पासबुकातली ती ओळ मी झेरॉक्स काढून शिक्क्याच्या प्रतीला टाचून ठेवली आणि पाकिटावर ‘ऑक्टोबर २०२६, पहिला सोमवार, नवं वैद्यकीय प्रमाणपत्र’ असं लिहिलं.